पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर ताईचं कॉर्टिसॉल ०.८ आलंय, सगळे घाबरलेत, डॉक्टर मात्र खूश!

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, दवाखान्याच्या जिन्यात बसलोय. माझी मोठी बहीण, वय ३४, इचलकरंजीला असते. तीन वर्षं तिचं वजन वाढतंय, चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, बीपीच्या दोन गोळ्या, शुगर, आणि जिना चढताना मांड्यांत ताकद नाही. सगळे म्हणायचे बाळंतपणानंतर सुटली. शेवटी सांगलीच्या एका मॅडमनी रात्री ११ वाजता कॉर्टिसॉल काढायला लावलं आणि निदान झालं, कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन फार होणं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत डाव्या बाजूला ५ एमएमची गाठ.

सोमवारी पुण्यात नाकातून ऑपरेशन झालं. त्यानंतर दर १२ तासांनी रक्त काढतायत. सोमवारी संध्याकाळी कॉर्टिसॉल २४, मंगळवारी सकाळी ११, संध्याकाळी ४.६, काल सकाळी १.९ आणि काल संध्याकाळी ०.८. लॅबच्या कागदावर समोर लाल एल, खाली लिहिलंय नॉर्मल ५ ते २३. ताई कालपासून नुसती पडून आहे, मळमळ, अंग ठणकतंय, डोळे उघडायला नको म्हणते. आणि राऊंडला आलेले मोठे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले "वा, फारच छान" आणि पुढे गेले! भावजी म्हणतायत की ग्रंथीच काढून टाकली की काय यांनी. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा प्लीज.

सह्यवारा
अरे माझ्या सासूबाईंचं सेम. आमवातासाठी प्रेडनिसोलोन चालू होतं चार वर्षं, चेहरा असाच फुगला. आम्ही सरळ गोळी बंद केली, आठवड्यात त्या चक्कर येऊन पडल्या. पण ऑपरेशन वगैरे काही लागलं नाही. तुम्ही आधी गोळ्या बंद करून बघायच्या होत्या ना, एवढं डोक्याचं ऑपरेशन कशाला?

कृष्णाकाठचा
दादा ताई कुठलंच स्टिरॉइड घेत नव्हती. ते आधीच दोनदा विचारून झालं, दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, गोरं करायची क्रीम, सगळं.

बापट_लॅबवाले
मी ३० वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली त्यामुळे अधिकाराने सांगतो. काळजी करू नका. कुशिंगच्या ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल २ च्या खाली गेलं म्हणजे आजार मुळापासून गेला. कायमचा. पेढे वाटा. परत तपासण्या करायचीही गरज नाही. लाल एल बघून घाबरू नका, तो मशीन छापतं, मशीनला काय माहीत पेशंट कोण आहे.

मीनल_७८
काका शेवटचं वाक्य पटलं, बाकी नाही. कायमचा वगैरे कृपा करून लिहू नका. माझं लिहिते नंतर, सध्या डबे भरतेय.

डॉ_गोगलगाय
मी एंडोक्राइनचं काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर. तुमची ताई माझी पेशंट नाही, तिथल्या टीमला विचारूनच काय ते करा, हे एकदा सांगून ठेवते.

आधी हे ०.८ का आलं ते बघू. कल्पना करा, तुमच्या इमारतीच्या टाकीला फ्लोट लावलाय, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. आता कोणीतरी गुपचूप दुसरा नळ त्याच टाकीत सोडला आणि तो तीन वर्षं अखंड वाहतोय. टाकी कायम भरून वाहणार आणि तुमची मोटर तीन वर्षं एकदाही चालू होणार नाही. ती गाठ म्हणजे तो दुसरा नळ. ती एसीटीएच नावाचं हार्मोन सोडत राहते, त्यामुळे मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल ओतत राहतात, आणि पिट्युटरीतल्या चांगल्या पेशी तोपर्यंत बंद. सर्जनने नळ कापला की टाकी रिकामी व्हायला लागते, पण गंजलेली मोटर लगेच सुरू होत नाही. म्हणून कॉर्टिसॉल तळाला जातं. एवढं खाली गेलं याचा अर्थ दुसरा नळ बहुधा शिल्लक नाही. गाठीचा तुकडा मागे राहिला असता तर त्याने बहुधा थोडं तरी पाणी सोडलं असतं आणि आकडा ८, १२, १५ असा कुठेतरी अडकला असता. मोठे डॉक्टर छान म्हणाले ते यासाठी.

उलट एखाद्याचं तिसऱ्या दिवशी १४ आलं, कागदावर अगदी नॉर्मल, तर आम्ही काळजीत पडतो. नातेवाईक मात्र खूश असतात.

आता एक प्रश्न. भूल देताना किंवा नंतर डेक्सामेथासोन दिलं होतं का? उलटी होऊ नये म्हणून भूलतज्ज्ञ बऱ्याचदा देतात. चार्ट बघून सांगा.

लीड्सवाली
मी पण या आजारातून गेलेली, लीड्समध्ये ऑपरेशन झालं. पण माझं तर ३२ आलं होतं आणि टीमने मला क्युअर्ड सांगितलं?? आता हे वाचून माझी झोप उडाली. मी नापास आहे का?

डॉ_गोगलगाय
नाही हो, तुमच्याकडे नॅनोमोलमध्ये मोजतात. साधारण २७.६ ने भागा, म्हणजे तुमचं १.२ च्या आसपास होतं, उत्तम. इकडचं २ म्हणजे तुमच्याकडचं ५५ आणि इकडचं ५ म्हणजे १३८. भारतातल्याही काही लॅब नॅनोमोल छापतात, त्यामुळे आकडा सांगताना युनिट सांगायचं, नाहीतर असा घोळ होतो.

लीड्सवाली
हुश्श. नवऱ्याला रात्री उठवलं होतं उगाच.

कृष्णाकाठचा
चार्ट बघितला मॅडम. सोमवारी ऑपरेशनच्या सुरुवातीला डेक्सा ४ एमजी एकदाच. आणि ते ०.८ वालं रक्त घेऊन झाल्यावर आज हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन सुरू केलंय. खरं सांगतो दोन तासात ताई उठून बसली, चहा मागितला. असं कसं? म्हणजे ज्या हार्मोनमुळे ती आजारी होती तेच आता टोचतायत?

डॉ_गोगलगाय
हो तेच, हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे अक्षरशः कॉर्टिसॉल. म्हणूनच ते दिल्यानंतर काढलेल्या रक्ताला काही अर्थ नसतो, आपणच टोचलेलं आपणच मोजतो. तुमच्या टीमने आधी रक्त घेऊन मग दिलं, बरोबर केलं.

डेक्साचं विचारलं कारण ते मशीनला कॉर्टिसॉल म्हणून दिसत नाही पण एसीटीएच दाबतं. आणि या गाठी मोठ्या डोसला थोड्याफार दबतात. त्यामुळे मंगळवारचे आकडे थोडे डेक्सामुळेही खाली आले असतील. ४ एमजीचा असर दीड दोन दिवसांत ओसरतो, तुमचं ०.८ अडीच दिवसांनंतरचं आहे, त्यामुळे मला ते खरं वाटतंय. तरी शंका नको म्हणून घरी जायच्या आधी आदल्या दुपारची गोळी शेवटची, रात्री काही नाही, सकाळी ८ ला रक्त आणि रक्त घेतल्या घेतल्या गोळी, असं एकदा करतात का ते विचारा. पण दवाखान्यातच. घरी गोळी चुकवून प्रयोग नकोत.

बापट_लॅबवाले
मॅडम, मग आकडा नक्की कोणता धरायचा? मी २ म्हणालो, आमच्याकडे एक न्यूरोसर्जन ५ म्हणायचे.

डॉ_गोगलगाय
दोन्ही चालतात, म्हणून वाद संपत नाही. २०१५ ची एंडोक्राइन सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात ऑपरेशननंतर ७ दिवसांत सकाळचं कॉर्टिसॉल ५ च्या खाली म्हणजे रेमिशन, आजार सध्या आटोक्यात, असं धरलंय. त्याआधी २००८ च्या तज्ज्ञांच्या सहमतीच्या निवेदनात २ च्या खाली गेलेल्यांना वेगळं काढलं होतं, त्यांच्यात १० वर्षांत परत होण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. २ ते ५ मधले पेशंट बरे झालेत असं धरून नजर ठेवायची, लगेच पुढचं काही करायचं नाही. ५ च्या वर राहिलं तर मात्र सावध. पण त्यातही काही जणांचं हळूहळू, काही आठवड्यांत खाली येतं, त्यामुळे चौथ्या दिवशीच परत ऑपरेशनला न्यायची घाई करायची की थांबायचं यावर आमच्यातच दोन गट आहेत. मी थांबणाऱ्यांपैकी. सर्जन मित्र बहुतेक दुसऱ्या गटात, कारण लगेच परत शिरणं त्यांना सोपं जातं, नंतर आत सगळं चिकटतं.

आणि काका, १० टक्के म्हणजे शून्य नव्हे. रेमिशन म्हणतो, क्युअर म्हणत नाही, ते याचमुळे.

मीनल_७८
डबे गेले, आता माझं. माझं ऑपरेशन २०१६ ला. पाचव्या दिवशी ३.९. मला सांगितलं झालं, बरी झालीस. स्टिरॉइडच्या गोळ्या फक्त तीन महिने लागल्या, मग तपासलं तर माझी स्वतःची ग्रंथी चालायला लागलेली, आम्ही सगळे म्हणालो काय नशीबवान, बाकीच्यांना वर्ष लागतं. चार वर्षांनी परत रात्री झोप नाही, हनुवटीवर केस, जुने ब्लाऊज दंडात बसेनात. सकाळचं कॉर्टिसॉल केलं तर १६, नॉर्मल. दोन डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून परत पाठवलं. शेवटी रात्रीची लाळेची तपासणी तीनदा केली, तिन्ही जास्त. परत तेच. आता दुसरं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, यावेळी १ च्या खाली होतं आणि गोळ्या १४ महिने लागल्या.

म्हणून सांगते, गोळ्या लवकर सुटल्या म्हणून उड्या मारू नका.

डॉ_गोगलगाय
मीनलताई, हे फार कामाचं लिहिलंत. तुमची ग्रंथी लवकर जागी झाली असं वाटलं, पण सहा महिन्यांच्या आत जे सुरू होतं ते काही वेळा चांगल्या पेशींचं नसतं, उरलेल्या गाठीचं असतं. प्रत्येकाच्या बाबतीत असं नाही, पण अशांवर जास्त लक्ष ठेवतो. आणि परत येताना आधी रात्रीचं कॉर्टिसॉल बिघडतं. सकाळी तर निरोग्या माणसाचंही वर असतंच, त्यामुळे सकाळचा आकडा बघून काही कळत नाही.

सह्यवारा
मग सासूबाईंचं पण तसंच झालं असेल का? फ्लोटवाली मोटर?

डॉ_गोगलगाय
हो, मोटर तीच, फक्त दुसरा नळ म्हणजे त्यांची प्रेडनिसोलोनची गोळी. ती एकदम बंद केल्यामुळे त्या पडल्या. सध्या काय चालू आहे त्यांना? परत बंद करायचं असेल तर स्वतःहून नका करू, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कृष्णाकाठचा
अपडेट. सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात तसं रक्त घेतलं, कॉर्टिसॉल ०.९. बायोप्सीत गाठ सापडली आणि एसीटीएचची तपासणी पॉझिटिव्ह आलीये. डिस्चार्ज मिळाला. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी उठल्या उठल्या १०, दुपारी ५, संध्याकाळी ५. बीपीची एक गोळी बंद, शुगरची अर्धी. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, नाकातून पाण्यासारखं काही गळलं तर लगेच फोन. आणि फाइलवर लिहिलंय की एक आठवडा तहान लागेल तेवढंच पाणी, आठव्या दिवशी सोडियम तपासा. आई मात्र शहाळी आणून ठेवतेय, अशक्तपणा म्हणून.

बापट_लॅबवाले
शहाळं उत्तम. ओआरएस पण द्या भरपूर. कॉर्टिसॉल कमी असलं की सोडियम पडतं, हे मी स्वतः रिपोर्टमध्ये पाहिलंय.

कृष्णाकाठचा
मंडळी आज आठवा दिवस, ताईला सकाळपासून डोकं दुखतंय, दोन उलट्या, जरा असंबद्ध बोलतेय. सकाळची गोळी उलटीत पडली. इथल्या लॅबमध्ये सोडियम १२२. फॅमिली डॉक्टर म्हणतायत अशक्तपणा आहे, सलाइन लावू.

डॉ_गोगलगाय
आत्ता अॅडमिट करा, जिथे आयसीयू आहे तिथे, आणि पुण्याच्या टीमला फोन लावून स्थानिक डॉक्टरांच्या हातात द्या. शहाळं, ओआरएस, पाणी सगळं बंद. उलटीत गोळी गेली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० एमजी इंजेक्शन लागेल, फाइल दाखवा त्यांना. बाकी नंतर लिहिते.

डॉ_गोगलगाय
आता सविस्तर. या ऑपरेशननंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सोडियम पडू शकतं, ऑपरेशन उत्तम झालेलं असलं तरी. पिट्युटरीच्या मागच्या भागाला धक्का लागल्यामुळे त्यात साठवलेलं पाणी धरून ठेवणारं हार्मोन एकदम सुटतं, लघवी कमी होते, आत घेतलेलं पाणी आतच राहतं आणि सोडियम पातळ होतं. मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. म्हणून यावर भरपूर पाजणं म्हणजे आगीत तेल.

बापटकाका म्हणाले तेही खोटं नाही, कॉर्टिसॉल कमी पडलं तरी सोडियम पडतं, आणि लक्षणंही सारखीच, मळमळ, डोकेदुखी, गळाठा. त्यामुळे आम्ही एकाची निवड करत बसत नाही. स्टिरॉइड आधी देऊन टाकतो, त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही, आणि पाणी दिवसाला एक लिटरच्या आत आणतो. बीपी पडलेलं असेल, शुगर कमी असेल तर स्टिरॉइड कमी पडल्याचा संशय जास्त. बीपी ठीक, जीभ ओली, आणि गोळ्या वेळेवर चालू होत्या तर पाण्याचा संशय जास्त. माणूस बरळायला लागला किंवा झटका आला तर जास्त तीव्रतेचं सलाइन थोडं थोडं देतात, पण २४ तासांत सोडियम ८ ते १० पेक्षा जास्त वर न्यायचं नाही, फार वेगाने चढलं तर मेंदूलाच इजा होते. हे घरात जमणारं नाही.

बापट_लॅबवाले
मान्य. रिपोर्ट वाचणं वेगळं आणि पेशंट बघणं वेगळं. शहाळ्याचं माझं वाक्य अॅडमिनना सांगून उडवतो.

डॉ_गोगलगाय
उडवू नका काका, राहू द्या. घरोघरी हेच होतं.

कृष्णाकाठचा
चार दिवस आयसीयूत होतो. १२२, १२६, १३१, आज १३६. बीपी शेवटपर्यंत ठीक होतं, म्हणजे पाण्याचंच असावं असं इथले डॉक्टर म्हणाले, तरी इंजेक्शन पहिल्या तासात दिलं. आई शहाळ्यांकडे बघतही नाही आता.

लीड्सवाली
बरं वाटलं वाचून. पुढचं एक सांगून ठेवते, कोणी मला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या तिसऱ्या महिन्यात मला वाटायचं आजारच बरा होता. सांधे दुखायचे, कातडी सोलून निघायची, रडू यायचं कारण नसताना, आणि गोळ्या तर पुरेशा होत्या म्हणे. माझ्या नर्सने समजावलं की शरीराला इतकी वर्षं डबल तिबल कॉर्टिसॉलची सवय, आता नेहमीएवढंच मिळालं तरी त्याला ती उपासमार वाटते. मी दोनदा स्वतःच डोस वाढवला. तो उतरवताना परत तेच भोगलं.

कृष्णाकाठचा
हे ताईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग मी वेडी नाही. पण मॅडम, आता कधी वाढवायच्या आणि कधी नाही हे कसं ओळखायचं?

डॉ_गोगलगाय
ताप, दात काढणं, अपघात, मोठे जुलाब, अशा वेळी दुप्पट किंवा तिप्पट, दोन तीन दिवस, मग परत नेहमीचा. उलटी थांबत नसेल तर इंजेक्शन आणि दवाखाना. नुसती अंगदुखी आणि रडू, पण उभं राहिल्यावर बीपी पडत नाही आणि सोडियम ठीक, तर शक्यतो वाढवायचं नाही, टीमशी बोलून दिवस ढकलायचे. खूपच असह्य असेल तर थोडं वाढवून आठवड्याआठवड्याने उतरवतात. घरात इंजेक्शनची एक बाटली आणि पर्समध्ये चिठ्ठी, "मी स्टिरॉइडवर आहे, बंद करू नका". मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.

आणि शुगर आणि बीपीच्या गोळ्या दर आठवड्याला बघा, त्या जुन्या कॉर्टिसॉलच्या हिशोबाने लिहिलेल्या आहेत.

मीनल_७८
गावात हायड्रोकॉर्टिसोन मिळेना झालं तर आमच्याकडे केमिस्टने परस्पर प्रेडनिसोलोन दिलं होतं. चालतं का ते कळत नाही पण त्यावर असताना माझं कॉर्टिसॉल भलतंच जास्त आलं आणि सगळे म्हणाले ग्रंथी जागी झाली!

डॉ_गोगलगाय
योग्य डोसमध्ये चालतं, डॉक्टरने लिहून दिलं तर. पण बऱ्याच मशीनना प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलसारखंच दिसतं, म्हणून तपासणीच्या आधी काय चालू आहे ते लॅबला सांगायचं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही आकडा फुगतो, त्यात ग्रंथीचा काही हात नसतो.

कृष्णाकाठचा
सात महिन्यांनी परत येतोय, धागा वर आणल्याबद्दल माफी. ताईचं वजन ११ किलो कमी, पट्टे पांढरे पडलेत, बीपीची गोळी बंद. दोन वेळा ताप आला तेव्हा डोस दुप्पट केला. परवा आदल्या दुपारनंतर गोळी न घेता सकाळी ८ ला रक्त दिलं, ४.१. पुण्याचे डॉक्टर म्हणाले अजून मोटर फिरतेय पण पाणी चढत नाही (हो, त्यांनाही तुमचं उदाहरण सांगितलं). संध्याकाळची गोळी बंद केली, सकाळी १० दुपारी ५ वर ठेवलंय, तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन करतात ती टेस्ट. पहिल्या तपासणीला ०.९ होतं, आता ४.१, म्हणजे हे चांगल्या पेशींचं की मीनलताईंसारखं काही, हे आत्ता कळेल का?

डॉ_गोगलगाय
आत्ता या एका आकड्यावरून नाही. सात महिन्यांत हळूहळू ०.९ चं ४.१ होणं माझ्या डोळ्यांना तरी बरं दिसतंय. गोळ्या पूर्ण सुटल्या की रात्रीची लाळेची तपासणी, मग दरवर्षी. चेहऱ्याचा दर महिन्याला एक फोटो काढून ठेवता का? परत येताना कधी कधी घरच्यांच्या आधी फोटोत दिसतं.

कृष्णाकाठचा
काढतो. भाचीनेच फोल्डर केलंय, नाव ठेवलंय "आईचं तोंड".